नैवेद्याच्या पोळीतली वाफ

पुरणपोळी भाजता येते असं कुणी म्हटलं की मी आधी विचारते, तवा कुणाचा? आपल्या घरच्या तव्यावर सगळ्याच सुगरणी असतात. परक्या तव्यापुढे बसवा, मग कळतं कोण किती पाण्यात आहे ते. मी हे ठणकावून सांगू शकते, कारण मला ते भर कुळधर्माच्या दिवशी, सासरच्या देवीसमोर कळलं.

मी मूळची साताऱ्याकडची. वडील रेल्वेत होते, त्यांची बदली तिरुचिरापल्लीला झाली आणि तिथेच माझं लग्न ठरलं. सासर तंजावरचं, राजवाड्यामागच्या गल्लीतलं. तिथली मराठी घरं राजांच्या वेळेपासूनची. आता राजे नव्हते, कलेक्टर होता, आणि माझे सासरे त्याच्या कचेरीत कारकुनी करत होते. घरात बोलणं मराठीच, पण असं की पहिले काही दिवस मला निम्मं कळायचं आणि निम्म्याला मी नुसती मान डोलवायची. चुलीला अडुप्पु, पुरे झालं की पोदुम. माझं बोलणं ऐकून तेही हसायचे. फिटंफाट!

मराठी एक वेळ जमली, पण त्यांची पोळी काही माझ्या पचनी पडेना. आमच्याकडे पोळी पोळपाटावर, तांदळाच्या पिठीवर लाटायची, पातळ, मोठी, तव्याबाहेर डोकावेल अशी. इथे पोळपाट लाटणं फडताळातच. कणीक सैल भिजवून तेलात बुडवून ठेवायची, तिच्यात मूठभर पुरण भरायचं आणि तेल लावलेल्या केळीच्या पानावर बोटांनी थापत न्यायचं. पान तसंच तव्यावर पालथं घालायचं आणि क्षणभराने सोलून काढायचं. पुरणात ओलं खोबरंही घालत! मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हटलं, ही पोळी आहे की थालीपीठ? सासूबाई हसल्या. त्या स्वभावाने मऊ होत्या, माझ्या आगाऊपणाला हसून सोडून द्यायच्या.

हसल्या नाहीत त्या पेरियम्मा. पेरियम्मा म्हणजे माझ्या सासूबाईंची थोरली जाऊ. तमिळमध्ये थोरल्या आईला पेरियम्मा म्हणतात, आणि माझ्या नवऱ्यापासून शेजारणींपर्यंत सगळे त्यांना तेच म्हणत. फक्त सासूबाई त्यांना अक्का म्हणायच्या. उंच, काटक बाई, विधवेचं लाल आलवण, आणि तोंडात शब्द मोजून मापून. रोजचा स्वयंपाक त्यांचाच. त्यांच्या हातच्या सांबाराचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा. पण पुरणाची पोळी त्या करत नसत. थोरले सासरे गेले त्या वर्षापासून त्यांनी ती केली नव्हती. कुळधर्माच्या नैवेद्याची पोळी सवाष्णीने भाजायची असा घरचा रिवाज, म्हणून त्यांनी आपणहून उलथनं धाकट्या जावेच्या हाती दिलं होतं.

गंमत अशी की तवा मात्र त्यांचाच होता. माहेराहून आणलेला, लोखंडी, बोटभर जाड, दोन्ही हातांनी उचलावा लागेल असा. एरवी तो त्यांच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा असे आणि अधूनमधून त्या त्याला तेलाचा हात फिरवायच्या. वर्षातून एकदा, चैत्रातल्या कुळधर्माला, तो चुलीवर चढायचा. त्या दिवशी पेरियम्मा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर, चुलीकडे पाठ करून, नारळ खवत बसायच्या. मागे वळून बघायच्या नाहीत. पण माझं लक्ष होतं. तव्यावर पोळी पडली की त्यांचा खवणीवरचा हात थांबायचा, आणि पोळी उतरली की पुन्हा चालू व्हायचा.

मला त्या बाईचा राग यायचा, आणि खरं सांगायचं तर कीवही यायची. ज्या कामासाठी आपण जन्मलो ते दुसरी करते आहे, तेही आपल्याच तव्यावर, आणि आपण पाठ करून बसायचं! मी असते तर आदळआपट केली असती.

त्या घरचा आणखी एक रिवाज सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच अडलं. देवीला पोळी गरमच दाखवायची, आणि ती गरम आहे हे दाखवूनही द्यायचं. सासरे सोवळ्यात बसून नैवेद्याच्या पानातली पोळी देवीसमोर मधोमध मोडायचे. आतून वाफ निघाली की मग पाणी फिरवायचं. वाफ नाही निघाली तर ते पान बाजूला ठेवायचं, नवी पोळी यायची, आणि तोवर घरादाराने उपाशी थांबायचं. चाखून बघायची तर सोयच नाही. नैवेद्याच्या आधी जिभेला काही लावायचं नाही, आणि मोडूनही बघायचं नाही. मोडलेली पोळी देवीला कशी चालेल? म्हणजे आतलं पुरण तापलं की नाही ते बाहेरूनच ओळखायचं.

सासूबाई यातून आपल्या परीने वाट काढत. तळहाताएवढ्या लहान पोळ्या, जेमतेम पुरण, आणि एकेक पोळी चार-पाचदा उलटायची. पोळी कडक व्हायची पण वाफ निघायची. पेरियम्मा ती पोळी जेवताना निमूट खायच्या. बरी झाली असंही म्हणायच्या नाहीत आणि वाईट झाली असंही नाही.

लग्नानंतरचा तो माझा दुसरा कुळधर्म. सकाळी डाळ शिजली, कट काढायचा म्हणून सासूबाईंनी पातेलं वाकडं केलं, झाकण सटकलं आणि उकळतं पाणी उजव्या हातावर. हात मनगटापर्यंत लालबुंद झाला. गार पाणी ओतलं, कोरफड लावली, फडकं गुंडाळलं. त्या बिचाऱ्या रडवेल्या झाल्या, पण हातापेक्षा कुळधर्माच्या काळजीने.

“आतां पोळी कोण भाजणार?” त्या म्हणाल्या.

“मी आहे की!” मी म्हटलं. वर्षभर ज्याची वाट बघत होते तीच गोष्ट माझ्याकडे चालून आली होती. “साताऱ्याला माझ्या पोळीसाठी माणसं दारात थांबायची.” हे थोडं फुगवून सांगितलं होतं, पण फार नाही.

पुरण वाटून झालं, गार झालं. पान, तेल, कणीक, सगळं मांडून मी पदर खोचला. चुलीत सुरूची लाकडं होती, ती चांगली आत सारली, वर दोन करवंट्या टाकल्या. भगभग जाळ झाला. तवा तापायला मेला वेळ किती लावतो म्हणून मी आणखी एक करवंटी टाकली. मग पाण्याचा शिंतोडा मारला, थेंब तडतडून नाचले. आमच्याकडे हीच खूण. म्हटलं, झालं.

पोळी सासूबाईंसारखी छोटी करायची नाही हे मी ठरवलंच होतं. चांगली वीतभर थापली, भरपूर पुरण भरून. तव्यावर घातली, पान सोललं. बघता बघता खालून डाग पडले, उलटली, तिकडूनही सोनेरी ठिपके. तूप सोडलं तर चर्र झालं आणि खमंग वास सुटला. दिसायला इतकी देखणी की मीच तिच्याकडे बघत राहिले. बाहेर खवणीचा आवाज थांबला होता तो सुरूच झाला नाही. मी मनात म्हटलं, ऐका आता, साताऱ्याची पोळी अशी असते.

सासऱ्यांनी देवीसमोर पोळी मोडली. वाफ नाही.

त्यांनी बोट आत लावलं. पुरण गार. कोमटसुद्धा नाही, सकाळी वाटून ठेवलं होतं तसंच. शेजारच्या दोन सवाष्णी जेवायला आल्या होत्या, त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. सासऱ्यांनी पान उचलून बाजूला ठेवलं. ते मला चारचौघांत थप्पड मारल्यासारखं लागलं.

परत चुलीशी आले. चूक कुठे झाली ते मला लगेच कळलं, मी काही बावळट नव्हते. जाळ जास्त झाला. पातळ पोळीला तोच जाळ लागतो, दोन उलटण्यांत काम संपतं. जाड पोळीत उष्णता आत पोहोचायच्या आत वरचं कातडं भाजून निघतं. म्हणून लाकडं बाहेर ओढली आणि लगेच दुसरी पोळी टाकली. पण लाकडं ओढली तरी तवा कुठे निवतोय? त्या बोटभर लोखंडाने आधीचा सगळा जाळ पोटात ठेवला होता. ही पोळी तर करपलीच, शिवाय मी घाईने उलटताना फाटली. पुरण तव्यावर सांडलं, गूळ जळून काळा झाला, स्वयंपाकघर धुराने भरलं. ओल्या फडक्याने तवा पुसला, आणि मग थांबले, थांबले, इतकी थांबले की तवा पार निवला. तिसरी पोळी त्यावर पडून राहिली आणि न फुलता, न भाजता वाळत गेली. उचलली तर चामड्यासारखी. ती मी देवीपुढे नेलीसुद्धा नाही.

ऊन वर चढलं होतं. चैत्रातलं तंजावरचं ऊन आणि वर चूल. पोटात अन्नाचा कण नाही. ओसरीवर शेजारणीचं पोर भुकेने कुरकुरत होतं. सासूबाई दुखरा हात उराशी धरून भिंतीला टेकल्या होत्या. आणि उंबऱ्याबाहेर पेरियम्मा हळूच खाकरल्या.

माझं डोकं सणकलं. “नुसतं काय खाकरता?” मी ओरडले. “चुकतंय ते तुम्हांला दिसतंय, नव्हे, ऐकू येतंय! मग सांगत का नाही?”

“मी सांगायाचं नाहीं,” त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. “तें काम माझं नव्हे.”

“तवा तुमचा आणि काम तुमचं नव्हे?”

“नव्हे.”

“बरं. मग रोज देवीला भात कोण दाखवतं? कुणाच्या हातचा? सांबार कुणाच्या हातचं? तीनशे साठ दिवस देवी तुमच्या हातचं जेवते, तेव्हा तिला चालतं. आणि आजच्या एका पोळीला तिचा धर्म बुडतो? असं कोणत्या देवीने सांगितलंय, मला दाखवा!”

शेजारणींपैकी एकीने “अय्यो” म्हणून तोंडावर हात ठेवला. नव्या सुनेने असं बोलायचं नसतं हे मला माहीत होतं. पण मी चुलीसमोरून उठले, उलथनं तव्याशेजारी ठेवलं आणि सरळ उंबरा ओलांडून बाहेर पेरियम्मांच्या शेजारी जाऊन बसले. चुलीकडे पाठ करून! त्यांच्या हातातली खवणी ओढून घेतली आणि म्हटलं, “मी नारळ खवते. देवीला जेवायचं असेल तर तुमच्या हातचं जेवेल, नाहीतर बसेल उपाशी. मी काही आता उठत नाही.”

म्हटलं, आता बहुतेक तिरुचिरापल्लीला पाठवणी. मग सोप्यातून सासऱ्यांचा आवाज आला. कचेरीत साहेबासमोर जसे सावकाश बोलत असतील तसाच आवाज.

“वहिनी, देवी वाट पाहायली अहे.”

तेवढंच. पेरियम्मा गुडघ्यावर हात देऊन उठल्या, हात धुतले आणि उंबरा ओलांडून आत गेल्या. मी लगेच वळून बघायला लागले. पाठ करून बसायचं माझ्याच्याने जमणारं नव्हतं.

आधी त्यांनी तव्याला हात लावला नाही. चुलीतलं सगळं लाकूड पाहिलं, करवंट्यांचे निखारे चिमट्याने बाजूला काढले, सुरूचा एकच ओंडका आत सारला. मग मला म्हणाल्या, “ये, इथें बस. हा तवा सावकाश तापतो नि सावकाश निवतो. ह्याला आधीं पोटभर तापवायाचा, मग जाळ काढून घ्यायाचा, नि मगच पहिली पोळी. पोळी पडल्यावर जाळाला हात लावशील तर उशीर झाला.”

तवा तापला तसं त्यांनी लाकूड अर्धं बाहेर ओढलं. पाण्याचा शिंतोडा मारला. थेंब नाचले. त्यांनी मान हलवली, “अजून चूडु जास्त,” आणि तवा जरा निवेपर्यंत थांबल्या. पुन्हा शिंतोडा मारला. या वेळी थेंब पळाले नाहीत, जागच्या जागी फसफसून आटले. “आतां.”

पोळी माझ्या पोळीएवढीच मोठी थापली, पण पुरण कडेपर्यंत सारखं नेलं, मध्ये ढीग ठेवला नाही. पान तव्यावर पालथं घातलं. पान सोललं. आणि मग त्या काहीच करेनात. मी उलथन्याकडे हात नेला तर चापट मारली. “थांब गे. पांढरेपण जाऊं दे.” वरची कच्ची कणीक हळूहळू काचेसारखी झाली, आतलं पिवळं पुरण तिच्यातून दिसायला लागलं, कुठे कुठे लहान फुगे उठले. तेव्हा पहिल्यांदा उलटली. खालची बाजू फिकट होती, माझ्या पोळीसारखी देखणी अजिबात नव्हती.

दुसऱ्या बाजूला ती टेकली आणि एका कडेला फुगवटा आला. तो फुगवटा मधल्या भागाकडे सरकला, तिथे जरा अडला, मग पलीकडच्या कडेपर्यंत गेला, आणि अख्खी पोळी वर उचलली गेली. “वारा कुठला येतो आंत?” पेरियम्मा म्हणाल्या. “पुरणाचीच वाफ. पुरण तापल्यावांचून ती उठत नाहीं. नि एखादी फुगली नाहीं, भोक पडलं, तर असं बघायाचं.” त्यांनी उलथन्याच्या टोकाने पोळीच्या मधोमध अलगद दाबलं. “गार पुरण घट्ट असतं, हाताला अडतं. तापलं की गूळ सुटतो, मऊ पडतं. दाब.”

मी दाबून पाहिलं. पोळी उलथन्याखाली बसली आणि पुन्हा वर आली. कच्च्या कणकेचा वास गेला होता, गुळाचा नि वेलदोड्याचा येत होता. मग त्यांनी तूप सोडलं, शेवटची एकदा उलटली, तिथे डाग पडू दिले आणि उतरवली. उतरवताना त्यांच्या तोंडाकडे पाहिलं तर त्या चक्क हसत होत्या. मी त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा! वयाने निम्म्या झाल्यासारख्या दिसत होत्या, आणि मला इतकं बरं वाटलं की माझी फजिती मी विसरून गेले.

सासऱ्यांनी पोळी मोडली. वाफेचा लोट निघाला तो देवीच्या मुखवट्यापर्यंत गेला. त्यांनी पाणी फिरवलं, आणि मग जरा जास्तच वेळ हात जोडून बसले. शेजारणी मुकाट जेवल्या. एकीने चार पोळ्या खाल्ल्या, त्यामुळे धर्म बुडाला असं तिला वाटलं नसावं.

उरलेल्या पोळ्या पेरियम्मांनी मला करायला लावल्या. स्वतः शेजारी बसून नुसत्या “हं” आणि “उंहूं” करत होत्या. शेवटच्या दोन-तीन चांगल्या फुगल्या. आजही मी तसाच तवा तापवते आणि आजही माझी पोळी कधी गार निघत नाही. हे मी गर्वाने सांगते, आणि गर्व करायला माझी हरकत नाही.

पण मला धास्ती होती ती पुढच्या वर्षाची. त्या दिवशी अडचण होती म्हणून झालं, आपद्धर्म म्हणून खपलं. सासूबाईंचा हात पंधरवड्यात बरा झाला, डागसुद्धा राहिला नाही. पुढच्या चैत्रात रिवाजाप्रमाणे सवाष्णीचा हात हजर होता. मग पेरियम्मा पुन्हा उंबऱ्याबाहेर? मी भांडायची तयारी करून ठेवली होती. वाक्यंसुद्धा जुळवली होती.

कुळधर्माच्या सकाळी मी माजघरात गेले तर सासूबाई खाली बसून, दातांनी गाठ ओढत, उजव्या हाताला फडकं गुंडाळत होत्या.

“काय झालं?” मी घाबरून विचारलं. “भाजलं?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मग फडकं बांधलेला हात उराशी धरून स्वयंपाकघरात गेल्या आणि म्हणाल्या, “अक्का, माझा हात दुखायला लागला गे. आज तव्यापाशीं तूंच बस.”

पेरियम्मांनी त्या फडक्याकडे पाहिलं. मग धाकट्या जावेच्या तोंडाकडे पाहिलं. कोपऱ्यातला तवा दोन्ही हातांनी उचलला आणि चुलीवर ठेवला.

पेरियम्मा होत्या तोवर दर चैत्रात सासूबाईंचा हात दुखला. शेजारणी विचारायच्या, हा कसला रोग, वर्षातून एकदाच येणारा? सासूबाई म्हणायच्या, जुनं भाजलेलं अहे, ह्या दिवसांत ठणकतं.